ते पाव्हणे कोण होते?

कार्यक्रम आटोपला होता. पाहुण्यांची गाडी धूळ उडवत डांबरी रस्त्याला लागली होती. सतरंज्या झटकून गुंडाळणं चाललं होतं आणि मी हापशीपाशी चहाचे कप विसळत होते. मागून आवाज आला, "मॅडम, इचारू का एक?" वळून पाहिलं तर दहावीतल्या एका मुलाची आई उभी होती. ती शेतातूनच आलेली दिसत होती. वेचणीची झोळी गुंडाळून काखेत धरलेली, लुगड्याच्या काठाला कापसाचे तंतू चिकटलेले, बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटांची पेरं फाटलेली. तिनं आवाज आणखी खाली आणला. "ते पाव्हणे दवाखान्याकडून आले होते का?"

मी म्हटलं, नाही हो, ते दहावीनंतर काय शिकायचं ते सांगायला आले होते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "असं व्हय? मंग मले इचारता आलं असतं त्याईले."

तिला जे विचारायचं होतं ते तिनं मला विचारलं. पोराला आयटीआय करायचं आहे, इलेक्ट्रिशियन. बापाचं म्हणणं सायन्सच घ्यायचं, कारण चुलत्याच्या पोरानं घेतलं आहे. आयटीआय केलं की मोठं शिक्षण कायमचं बंद होतं का, एवढंच तिला हवं होतं. मी मराठी शिकवते. मला खात्रीनं सांगता येईना. आणि ज्यांना नेमकं सांगता आलं असतं ते पाच मिनिटांपूर्वी शाल-श्रीफळ घेऊन निघून गेले होते.

त्या पाहुण्यांचा परिचय मीच करून दिला होता. चांगली सहा मिनिटं बोलले होते.

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-आर्णीच्या पट्ट्यात. कोरडवाहू मुलूख, कापूस, तूर आणि मधे सोयाबीन. शाळेत कुठलाही कार्यक्रम ठरला की परिचयाचा कागद माझ्या टेबलावर येतो, कारण मराठीच्या मॅडम. त्या वर्षीही आला. पाहुण्यांनी आपला बायोडाटा व्हॉट्सॲपवर पाठवला होता, दीड पान. मी त्याला माझ्या पद्धतीनं सजवलं. 'ज्यांच्या परिचयाची खरं तर गरज नाही' असं म्हणून सुरुवात केली, मग पदव्या, मग कार्यशाळा, कुठल्या कुठल्या समित्या, पुरस्कार, शेवटी एक कवितेची ओळ. बोलताना माझं लक्ष पहिल्या रांगेकडे होतं. तिथे संस्थेचे पदाधिकारी, सरपंच आणि पोलीस पाटील खुर्च्यांवर बसले होते आणि माना डोलावत होते. सतरंजीवर बसलेल्या पालकांकडे मी पाहिलंच नाही. प्रश्नोत्तरांच्या वेळी सतरंजीवरून एकही हात वर आला नाही. खुर्चीतून मात्र आला, यूपीएससीचा अभ्यास कधीपासून सुरू करावा म्हणून. त्या गृहस्थांचा नातू तिसरीत आहे.

दवाखान्याचं काय, हा प्रश्न मला दोन दिवस सोडेना. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आईला दाखवायला गेले होते. व्हरांड्याच्या टोकाला एक दार आहे, तिथे लोक उगीच रेंगाळत नाहीत. दारावर पाटी: 'एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र'. एचआयव्हीची तपासणी तिथे होते. मी परिचयात पाहुण्यांना किमान दहा वेळा 'समुपदेशक' म्हटलं होतं. आमच्याकडच्या बायकांच्या कानावर हा शब्द पडतो तो दोनच ठिकाणी. एक ही पाटी, आणि दुसरं म्हणजे नवरा-बायकोचं भांडण ठाण्यात गेलं की ज्या केंद्रात पाठवतात ते. आपल्या लेकराला अशा माणसासमोर उभं राहून प्रश्न विचारायला लावणारी आई मला तरी कुठे भेटली असती?

नंतर इतर पालकांना सहज विचारत गेले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. ज्यांना दवाखाना वाटला नव्हता त्यांना कॉलेज वाटलं होतं. यातही त्यांची चूक नाही. जानेवारी उजाडला की कनिष्ठ महाविद्यालयांचे मास्तर मोटरसायकलवर गावोगाव फिरायला लागतात. तुकडी टिकवायची तर पोरं हवीत, पोरं नसली तर त्यांचीच नोकरी धोक्यात. ते घरी येतात, चहा घेतात, पुस्तकं फुकट देऊ म्हणतात, एसटीच्या पासचे पैसे भरू म्हणतात, आणि जाताना टीसीची आठवण करून देतात. शहरातले क्लासवाले येतात ते वेगळेच. त्यांचे कागद गुळगुळीत असतात, त्यावर पोरांचे फोटो असतात. पांढऱ्या शर्टातला, पेन खिशाला लावलेला, गोड बोलणारा माणूस दहावीच्या पालकांसमोर उभा राहिला की तो पोरं गोळा करायलाच आला असणार, हे लोकांनी अनुभवातून शिकून घेतलं आहे. अशा माणसाला कुणी मनातलं विचारत नाही. मान डोलावायची, 'हाव सर' म्हणायचं आणि उठायचं.

मी स्वतः 1996 साली दहावी झाले. आम्हाला कुणी मार्गदर्शन केलं नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी बाबा मला सायकलवर डबल सीट घेऊन शाळेत गेले आणि तिथल्या बडे बाबूंना विचारलं. बाबूंनी मार्कमेमो वर-खाली केला आणि म्हणाले, "बारावी करू द्या आन डीएडले टाका. पोरीच्या जातीले बेस." बाबांनी मला एका शब्दानंही विचारलं नाही. बाबू त्यांच्या ओळखीचे होते, एकाच वारीला जायचे, तेवढं पुरे होतं. तो सल्ला मला लाभला. बारावीनंतर डीएड झालं, नोकरी लागली, पुढे बीए-बीएड करून मी हायस्कुलात आले. म्हणून मीही तोच सल्ला पुढे देत राहिले. 2008-09 पर्यंत माझ्या वर्गातल्या हुशार मुलींना मी डोळे मिटून डीएड सांगितलं. त्यांच्या घरच्यांनी माझं ऐकलं, कारण मी त्यांच्या ओळखीची होते. मग शिक्षकभरती आटली. 2013 पासून टीईटी आली. त्यातल्या एकीचं आता बसस्थानकासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. मी गेले की ती खुर्ची पुसून देते, पैसे घेत नाही. मला तिथे बसवत नाही.

म्हणून त्या आईचा प्रश्न मला इतका लागला. आपल्याकडे माणूस सल्ला तोलतो तो देणाऱ्याच्या पदवीवरून नाही, त्याला कुणी आणलं यावरून. पाहुण्याला गाव ओळखत नाही, मला ओळखतं. मी माईकसमोर उभी राहून जे दोन शब्द बोलते ती माझी जामीनकी असते. जामीन राहायचं तर तो माणूस काय जाणतो हे सांगायला हवं, आणि काय जाणत नाही हेही. मी तर कवितेची ओळ म्हटली होती.

गेल्या वर्षी पुन्हा त्याच सरांना बोलवायचं ठरलं, तेव्हा मी पंधरा दिवस आधी त्यांना फोन केला. संध्याकाळची वेळ होती, बाहेर तुरीच्या मळणीचं यंत्र चालू होतं, मधे मधे ऐकू येत नव्हतं. मी बायोडाटा मागितलाच नाही. विचारलं, "सर, त्या दीड तासात तुम्ही नक्की काय करणार?" ते थोडे गडबडले. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता म्हणाले. मग बोलायला लागले ते अर्धा तास. दहावीनंतरचे रस्ते फळ्यावर काढतो: अकरावी, आयटीआय, तंत्रनिकेतन, कृषी पदविका. प्रत्येक रस्ता पुढे कुठे कुठे मिळतो ते दाखवतो. कोणते दाखले आत्तापासून काढायला टाकायचे ते सांगतो. मी विचारलं, "आणि काय नाही करणार?" तर म्हणाले, "कुणाच्या पोराला काय व्हायचं ते मी सांगणार नाही. कुठल्या कॉलेजात जा म्हणणार नाही. आणि मुलानं मला एकट्यात जे सांगितलं ते सगळ्यांसमोर काढणार नाही." मग जरा थांबून म्हणाले, "मॅडम, एक विनंती. मला सुप्रसिद्ध वगैरे म्हणू नका. मोठ्या माणसाला लोक नमस्कार करतात, प्रश्न विचारत नाहीत."

गाव विचारलं तेव्हा कळलं, ते पुसद तालुक्यातले. घरी कोरडवाहू शेती, वडील अजूनही कापूस-तूर घेतात. दीड पानी बायोडाट्यात याचा कुठे उल्लेख नव्हता. हे सांगू का, असं विचारलं तर म्हणाले, सांगा, पण आडनावावर जास्त थांबू नका. मला कळलं ते. आमच्याकडे 'कोन्या गावचे?' हा पहिला प्रश्न असतो आणि त्याच्या पाठोपाठ मनातल्या मनात दुसरा असतो, तो कुणी मोठ्यानं विचारत नाही. गाव सांगितलं की माणूस आपला वाटतो, आणि गाव-आडनाव मिळून तो कुणाचा ते लोक ताडतात. गाव सांगावं की सांगू नये यावर मी बराच विचार केला. शेवटी सांगायचं ठरवलं. कपाशीवर बोंडअळी पडली की घरातला आवाज कसा बदलतो हे या माणसाला ठाऊक आहे, एवढं पालकांना कळलं पाहिजे असं मला वाटलं. त्याची किंमत काय, तेही मला ठाऊक होतं.

दुसरं काम मी मुलांकडून करून घेतलं. वर्गात 61 मुलं होती. प्रत्येकाला वहीचा अर्धा कागद दिला आणि सांगितलं, आज रात्री जेवताना आई-बाबांना विचारा, तुमच्या मनात माझ्या दहावीनंतरचं काय येतं? ते जसं बोलतील तसं लिहून आणा. शुद्धलेखन तपासणार नाही, नाव टाकायचं नाही. 43 चिठ्ठ्या आल्या. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी पलंगावर त्या पसरल्या आणि ढीग लावत बसले. कुणी डाळीचा हात पुसलेला, कुणी बीडीच्या पाकिटाच्या कागदावरच लिहिलेलं. एका चिठ्ठीवर फक्त 'पैसे' एवढा एकच शब्द होता आणि त्याखाली रेघ. सगळ्यात मोठा ढीग सायन्सचा झाला. त्याखालोखाल 'नापास झाला तर'. मुलीला बाहेरगावी ठेवण्याबद्दलच्या नऊ चिठ्ठ्या होत्या, आणि त्यातल्या सात अक्षरावरून मुलींच्या हातच्या. वाक्य मात्र आईचं किंवा बापाचं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी 'समुपदेशक' हा शब्द एकदाही उच्चारला नाही. बोलीत बोलावं असं एकदा मनात आलं होतं, पण मी एरवी वर्गात तशी बोलत नाही. ते नाटकी झालं असतं. साधं बोलायचं ठरवलं. गाडगेबाबांचा फोटो मागे भिंतीवर होता, नुकताच हार घातलेला. माझे आजोबा त्यांच्या कीर्तनाला बसलेले. ते सांगायचे की बाबा सांगत नसत, विचारत. लोक उत्तर देता देता स्वतःच बोलते होत. ते आठवलं आणि मी परिचय असा केला:

"आज आपल्याकडे आलेले सर पुसद तालुक्यातले आहेत. घरी कोरडवाहू शेती आहे, वडील अजून कापूस-तूर घेतात. सर मानसशास्त्र शिकले आहेत आणि दहावी-बारावीच्या मुलांशी पुढच्या शिक्षणाबद्दल बोलणं हेच त्यांचं काम आहे. ते दवाखान्यातले नाहीत. कुठल्या कॉलेजचे नाहीत, क्लासचेही नाहीत. आज इथे कुणाचं नाव लिहून घेणार नाही, कुणाकडून पैसा घेणार नाही. दहावीनंतर रस्ते किती आणि एका रस्त्यानं गेलं तर पुढे कुठे वळता येतं, कुठे येत नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे. तुमचं पोरगं पुढे कोण होईल हे त्यांना माहीत नाही, आणि ते तसं सांगणारही नाहीत. तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठ्यांमधल्या चार वाचते. सर तिथूनच सुरुवात करतील."

आणि मी वाचल्या, जशा होत्या तशा. 'सायन नाई घेतलं तं पोरगं मांगं राहीन का?' 'गनितात गेला तं साल वाया जाते का?' 'पोरगी हुशार हाय पन गावात निस्तं आर्टस हाय, एस्टी सकाळी साताची एकच.' 'आयटीआय केलं तं मोठं शिक्षन बंद होते का?' चौथी चिठ्ठी मी स्वतः लिहून त्यात टाकली होती. हापशीपाशी भेटलेल्या त्या आईची. हे कुणाला सांगितलं नाही.

दोन मिनिटांत मी खाली उतरले. पहिल्या रांगेतल्या एका पदाधिकाऱ्यांनी नंतर नाराजी दाखवली, पाहुण्यांचा मान राहिला नाही म्हणून. त्यांचं मला वाईट वाटलं, कारण ते मनापासून बोलत होते. त्यांच्या काळी मान हाच पाहुण्याला द्यायचा असायचा. पण तेव्हा मी सतरंजीकडे पाहत होते. 'पोरगी हुशार हाय' वाचलं तेव्हा तिसऱ्या ओळीतली एक बाई दचकून शेजारणीकडे बघायला लागली होती.

सरांनी चौथ्या चिठ्ठीपासून सुरुवात केली. फळ्यावर खडूनं एक आडवी रेघ ओढली. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा, त्यासाठी दहावी विज्ञान-गणितासह पास हवी. ते झालं की शिकाऊ उमेदवारी करता येते, कमाई सुरू होते. आणि ज्याला पुढे शिकायचं आहे त्याला दोन वर्षांच्या आयटीआयनंतर तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. तिथून पदविका, आणि पदविकेनंतर इंजिनिअरिंगच्या पदवीला पुन्हा थेट दुसरं वर्ष. रेघ फळ्याच्या टोकाला जाऊन लागली. ते म्हणाले, हा रस्ता लांबचा आहे, जागा मर्यादित असतात, आणि आयटीआयतून गेलेल्या पोराला तंत्रनिकेतनातलं गणित जड जातं, त्याची तयारी ठेवा. पण रस्ता बंद नाही. मागून कुणीतरी बाप माणूस मोठ्यानं म्हणाला, "आमाले तं सांगतलं होतं का बंद होते."

मग त्यांनी उलटं उदाहरण घेतलं, ते मलाही नवं होतं. एक मुलगा आहे, बापाची आठ एकर शेती, त्याला शेतीतच शिकायचं आहे. गावात आर्ट्स आहे म्हणून तो आर्ट्स घेतो, बारावीला चांगले मार्क पाडतो आणि मग अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं नाव काढतो. तेव्हा त्याला कळतं की बीएस्सी ॲग्रीला बारावी सायन्स लागतं आणि सीईटी लागते. दोन वर्षांपूर्वी अकरावीचा फॉर्म भरताना ते वळण मागे सुटलेलं असतं. दहावीनंतर लगेच कृषी पदविका होती, तीही राहिली. इथे सगळे गप्प झाले. शेतकऱ्याच्या पोराला शेतीचं शिकायला सायन्स लागतं, ही गोष्ट आमच्या सभागृहात बसलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना ठाऊक नव्हती. मलाही ती तेवढ्या नेमकेपणानं ठाऊक नव्हती, आणि मी वर्षानुवर्षं पोरांना 'तुला आवडतं ते घे' म्हणत आले होते.

गणिताच्या चिठ्ठीला त्यांनी फार वेळ दिला नाही. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत बसता येतं, साल वाया जाईलच असं नाही. पण निकालाच्या दिवशी पोराला घरात एकटं ठेवू नका, एवढं म्हणाले. दाखल्यांवर मात्र ते अडून बसले. जातवैधतेला महिने लागतात, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर वेळेवर निघत नाही, सेतू केंद्रावर जूनमध्ये रांग लागते. आत्ता जानेवारीत कामाला लागा. आजोबांच्या शाळेचा दाखला कुठे आहे तो आजच शोधा. माझ्या वहीत त्या दिवशीच्या टिपणात हे वाक्य अधोरेखित आहे.

माझ्याकडून एक चूक झालीच. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मुलांनी घरी काय सांगायचं ते मी वर्गात सांगितलं होतं, आणि घाईत म्हणून गेले होते, "ते सर मुलांचा कल ओळखतात." हा शब्द गावात वेगळ्या अर्थानं गेला. 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची सरकारी कलचाचणी व्हायची. सात क्षेत्रं होती, आणि मुलाचा ओढा कुठे आहे ते अहवालात यायचं. कार्यक्रम संपल्यावर एक वडील पुढे आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत लॅमिनेट केलेला कागद. मोठ्या मुलीचा कलचाचणीचा अहवाल. त्यावर गणवेशधारी सेवा. म्हणाले, "सायेब, सरकारनंच लिहून देलं. तीन भरत्या झाल्या. पोरगी पाहाटं चारले उठून रोडनं धावते. उंचीत दोन सेंटिमीटर कमी भरते. आता तुमी धाकट्याचा कल पाहून सांगा, ह्यो तरी बरोबर निंगला पायजे."

महिला पोलीस भरतीला 155 सेंटिमीटर उंची लागते. ती मुलगी माझ्याच हाताखालून गेलेली. सकाळच्या गाडीनं येताना अजूनही ती मला रस्त्याच्या कडेनं धावताना दिसते, ओढणी कमरेला बांधलेली, तोंडातून वाफ निघत असलेली.

सरांनी तो कागद दोन्ही हातात घेतला, नीट वाचला, मग खाली सतरंजीवर त्या वडिलांच्या शेजारी बसले. म्हणाले, "काका, या कागदावर तिला काय आवडतं तेवढं लिहिलं आहे. ते खरंच आहे, बघा ना, ती अजून धावते. पण तिला काय जमेल आणि तिथे काय लागतं, हे या कागदानं कधी मोजलंच नव्हतं. तेव्हा तुम्हाला ते कुणी समजावून सांगितलं नाही." धाकट्याचा कल त्यांनी पाहिला नाही. चाचणी घ्यायची तर वेगळा वेळ लागतो, एकट्यात बोलावं लागतं, आणि तिचा निकाल म्हणजे हुकूम नव्हे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. वडिलांचं समाधान झालं नाही. कागद पिशवीत परत घालताना त्यांचे हात थरथरत होते. मी जामीन राहिले होते, आणि एक शब्द जास्त बोलून गेले होते. त्या रात्री मी माझ्या परिचयाच्या कागदावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं: कल, चाचणी, टेस्ट, हे शब्द नकोत.

मागच्या दिवाळीत जिनिंगवर कापसाच्या गाड्यांच्या रांगेत मला हापशीपाशी भेटलेली ती बाई दिसली. मुलाचं विचारलं. त्यानं सायन्स घेतलं होतं, बापाच्या हट्टाला. अकरावी कशीबशी काढली, बारावीच्या मध्यात सोडलं. आता आयटीआयला आहे. "इलेक्ट्रिशनच," ती म्हणाली, आणि मग, मला बरं वाटावं म्हणून की काय, "दोन वर्स गेले, जाऊ द्या. पोरगं खुश हाय." धाकटी दहावीत आली म्हणाली. मी तिला म्हटलं, जानेवारीत कार्यक्रम आहे, या. ती म्हणाली, "थेच पाव्हणे का?"

यंदा ती वेचणी सोडून आली आणि दुसऱ्याच ओळीत बसली. यंदा चिठ्ठ्यांचा सगळ्यात मोठा ढीग अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा होता. 2025 पासून तो साऱ्या महाराष्ट्राला लागू झाला, आणि गावातल्या कॉलेजात जाऊन नाव टाकून यायची सोय गेली. 'दहा कालेजं लिव्हा म्हन्तेत, आमाले दोनच ठाव हायेत,' असं एकीनं लिहून पाठवलं होतं. मी माईकसमोर उभी राहिले. सर पुसद तालुक्यातले आहेत, एवढं म्हटलं. ते दवाखान्यातले नाहीत, म्हटलं.

"ठाव हाय मॅडम," ती बसल्या जागेवरून म्हणाली. काही जणी हसल्या. ती मात्र गंभीर होती. गुडघ्यावर हात टेकून उठली. "मले इचाराचं हाय. पोरीले बाहेरगावी ठेवाचं तं वसतिगृहाचा फारम कवा भराचा? आन त्याले कोनता दाखला लागते?"

माझी चार वाक्यं अजून राहिली होती. मी माईक स्टँडवरून काढला आणि तिच्याकडे न्यायला निघाले. वायर दोन हात कमी पडली. तेवढ्यात सर स्टेजवरून उतरले, पायातले बूट काढले आणि सतरंजीच्या कडेला तिच्यासमोर येऊन बसले.